बॅकगॅमन: बारवर दोन सोंगट्या असताना मारायचं की पॉइंट बांधायचा?

प्रश्न: "समोरच्याच्या दोन सोंगट्या बारवर होत्या, माझ्या होम बोर्डात तीन पॉइंट बांधलेले होते. मी दिसेल ती सोंगटी मारत गेलो आणि शेवटी त्यानंच मला मारलं. अशा वेळी मारत राहायचं की थांबून पॉइंट बांधायचे? काही हिशोब असतो का?"

हिशोब असतो, आणि तो पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. तुम्ही बहुतेक सोंगट्या किती मारल्या ते मोजत होतात. मोजायचे असतात ते बांधलेले पॉइंट.

एका घरात दोन सोंगट्या ठेवल्या की तो पॉइंट बांधला, तिथे समोरच्याला उतरता येत नाही. मारलेली सोंगटी पटाच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे बारवर, जाते आणि फाशावर येईल त्या नंबरच्या पॉइंटवरून तुमच्या होम बोर्डात, म्हणजे तुमच्या १ ते ६ या घरांत, परत येते. होम बोर्डात तुमचे तीन पॉइंट बांधलेले असतील तर प्रत्येक फाशावर त्याला तीन आकडे बंद आणि तीन उघडे. दोन फाशांची ३६ दानं धरली, तर दोन्ही आकडे बंद निघण्याची दानं तीन गुणिले तीन, म्हणजे ९. दोन्ही आकडे उघडे निघण्याची दानंही ९. उरलेल्या १८ दानांत एक फासा चालतो, एक चालत नाही. आता चार पॉइंट बांधा. पूर्ण वाया जाणारी दानं १६ होतात, दोन्ही सोंगट्या आत येण्याची फक्त ४ आणि एकच आत येण्याची १६. पाच पॉइंटांना २५ वाया, एकच दान दोन्हींना आत आणतं आणि १० दानांत एक आत येते. म्हणजे बांधलेल्या पॉइंटांचा वर्ग केला की वाया जाणारी दानं मिळतात, आणि उघड्या पॉइंटांचा वर्ग केला की दोन्ही आत येण्याची.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे, ती मला स्वतःला खूप उशिरा दिसली. बारवर एकच सोंगटी असेल आणि तुमचे पाच पॉइंट असतील, तर त्याची ३६ पैकी २५ दानं वाया जातात. बारवर दोन असतील आणि तुमचे फक्त तीन पॉइंट असतील, तर ३६ पैकी २७ दानांनंतर त्याची निदान एक सोंगटी बारवरच राहते. आणि एक जरी बारवर राहिली तरी त्याला पटावरची दुसरी कुठलीही सोंगटी हलवता येत नाही. म्हणजे त्याचे हात बांधून ठेवायला बारवरची दुसरी सोंगटी जवळपास दोन जादा पॉइंटांचं काम करते. अर्थात एक सोंगटी आत येणं म्हणजे काहीच न होणं नव्हे, ती येता येता तुम्हाला मारू शकते. पण बाकी पटावर तुम्ही काय करताय याकडे बघायला त्याला फुरसत नसते.

यातून लगेच एक व्यवहारातली गोष्ट निघते. त्याच्या दोन सोंगट्या बारवर असताना होम बोर्डाबाहेरच्या तुमच्या एकट्या सोंगट्या जवळपास सुरक्षित असतात. बाहेर मारायला त्याला आधी दोन्ही सोंगट्या आत आणाव्या लागतील आणि त्यानंतरही चाल शिल्लक असावी लागेल. ते फक्त उघड्या आकड्याचं डबल पडलं तरच जमतं. म्हणून अशा वेळी बाहेरच्या सोंगट्या बिनधास्त पसरायच्या. धोका असतो तो फक्त होम बोर्डातल्या एकट्या सोंगटीला, म्हणजे ब्लॉटला, आणि तो धोकाही ठरलेला असतो. आत एक ब्लॉट असेल तर नेमका तो आकडा ३६ पैकी ११ दानांत येतो. तुमचे तीन पॉइंट असोत की पाच, ११ चे ११च. दोन ब्लॉट ठेवलेत तर २०. अकरावरून वीसवरची ही उडी बहुतेकांना जाणवत नाही. तुमचा डाव तिथेच गेला असावा असा माझा अंदाज आहे.

आता एक डाव पटावर मांडून बघा. पॉइंटांचे नंबर सगळे तुमच्या बाजूनं मोजलेले आहेत.

समोरच्यानं सुरुवातीला ४-१ टाकलं. १ नं मागच्या दोन सोंगट्या फोडल्या, म्हणजे तुमच्या होम बोर्डात १ वर एक आणि २ वर एक अशा त्याच्या दोन एकट्या सोंगट्या झाल्या. ४ नं त्यानं मधल्या ढिगातली एक सोंगटी पुढे आणली. तुम्हाला ५-५ पडलं. ८ वरच्या दोन सोंगट्या ३ वर आणि ६ वरच्या दोन १ वर, तिथली त्याची सोंगटी मारून. आता तुमचे ६, ३ आणि १ असे तीन पॉइंट झाले. ८ वर एक सोंगटी, १३ वर पाच, आणि त्याच्या घरात तुमच्या मागच्या दोन. त्यानं ६-३ टाकलं, दोन्ही बंद, दान वाया. हे ९ दानांपैकी एक.

 

तुम्हाला ४-३ पडलं. ४ नं ६ वरून २ वर मारता येतं, आणि मारायलाच हवं. नाही मारलं तर कुठल्याही २ नं त्याचा तिथे अँकर, म्हणजे तुमच्या होम बोर्डातच दोन सोंगट्यांचा पक्का पॉइंट, होतो आणि हल्ल्याची हवा निघून जाते. ३ कुठे खेळायचा हा खरा प्रश्न. ८ वरून ५ वर आणावासा वाटतो, पाचचा पॉइंट महत्त्वाचा म्हणून. पण मोजा. तसं केलं तर २ आणि ५ असे दोन ब्लॉट आत होतात आणि त्याची २० दानं तुम्हाला मारतात. १३ वरून १० वर आणला तर आत एकच ब्लॉट राहतो, ११ दानं, आणि १० वरची सोंगटी पुढच्या दानाला मदतीला येते. बाहेर १० वर ती एकटी आहे याची काळजी करायची नाही, कारण त्याच्या दोन सोंगट्या बारवर आहेत.

त्यानं ५-३ टाकलं. ५ नं एक सोंगटी तुमच्या पाचच्या पॉइंटवर आली, ३ बंद, दुसरी बारवरच. आता तुमचं दान ६-५. ६ नं ८ वरची सोंगटी २ वर आणून ब्लॉट झाकला, ५ नं १० वरून ५ वर मारलं. आता ६, ३, २, १ असे चार पॉइंट, ५ वर एक ब्लॉट, आणि त्याच्या दोन सोंगट्या पुन्हा बारवर. त्याची १६ दानं पूर्ण वाया, ११ दानं तुम्हाला मारतात, उरलेल्या ९ दानांत ४ येतो. त्यातलं एक ४-४, ज्यानं त्याचा अँकर होतो.

इथे बरेच जण खूश होतात आणि तिथेच चुकतात. पट नीट बघा. पाचवरचा ब्लॉट झाकायला तुमच्याकडे काय आहे? ८ रिकामा, १० रिकामा, ६ वर दोनच सोंगट्या. १३ वर चार आहेत, पण तिथून पाचपर्यंत आठ घरं. त्यासाठी ६-२, ५-३, ४-४ किंवा २-२, म्हणजे ३६ पैकी फक्त ६ दानं. चार पॉइंट आहेत, दोन सोंगट्या बारवर आहेत, पण कुमक संपली आहे. असा हल्ला दोन दानांत विझतो.

समजा त्याचं ६-२ पडलं, वाया गेलं, आणि तुम्हाला पुन्हा ४-३. मागच्या दोन सोंगट्या सोडवायची हीच वेळ, असं मन म्हणतं. ऐकायचं नाही. १३ वरून ९ वर एक आणि १३ वरून १० वर एक. आता पुढच्या दानाला पाच झाकण्याची दानं परत मोजा. कुठलाही ४ किंवा ५ आला की झालं, ती २०. शिवाय ३-१ आणि १-१ नं ९ वरून, ३-२ नं १० वरून, ६-२ नं १३ वरून, आणि २-२ नंही ९ वरून. एकूण २८. मघाशी ६ होती, एका चालीत २८ झाली. बाहेर दोन एकट्या सोंगट्या उघड्यावर ठेवून हे मिळालं, आणि त्यासाठी जवळपास काहीच मोजावं लागलं नाही, कारण त्याच्या दोन सोंगट्या बारवर होत्या. ५-५ पडलं तर तो पाचवरची मारून पुढे १० वरचीही मारू शकतो, पण ते त्या ११ मध्ये आधीच धरलेलं आहे.

मागच्या दोन सोंगट्यांचं काय, असं नेहमी विचारलं जातं. त्याच्या होम बोर्डात एकच पॉइंट आहे आणि त्याच्या सोंगट्या बारवर अडकल्यात. तो त्या दोघींना कोंडणार कधी? हल्ला चालू असेपर्यंत त्या तिथे बसून राहू देत.

पुढे त्यानं ६-१ टाकलं, दान वाया. तुम्हाला ५-२. ५ नं १० वरून ५ झाकला, २ नं १३ वरून ११ वर. आता ६, ५, ३, २, १ असे पाच पॉइंट, एकच उघडा, चार. त्याची २५ दानं वाया, १० दानांत एक सोंगटी चारवर येते, आणि फक्त ४-४ नं दोन्ही येतात. आत एकही ब्लॉट नाही. ११ आणि ९ वरच्या सोंगट्या चारवर रोखलेल्या, १३ वर एक राखीव. त्याची एक सोंगटी चारवर आली तर तिला मारायचंच, एकट्या सोंगटीनं मारावं लागलं तरी. पुन्हा ११ दानांचा धोका घ्यायचा, कारण न मारल्यास त्याच ११ दानांनी तिथे त्याचा अँकर होतो.

डाव असाच सरळ जातो असं नाही. समजा मधे कुठेतरी, चार पॉइंट आणि पाचवर ब्लॉट असताना, त्याला ५ पडला आणि तुमची सोंगटी बारवर गेली. नवखा खेळाडू इथे घाबरतो आणि बचावाला लागतो. त्याची ती ११ दानं उलगडून बघा. उघडे पॉइंट चार आणि पाच हे दोनच. दोन्ही सोंगट्या आत आणणारी दानं ५-५ आणि ५-४, म्हणजे तीन. उरलेल्या आठ दानांत त्यानं तुम्हाला मारलं तरी त्याची दुसरी सोंगटी अजून बारवरच आहे. त्याच्या होम बोर्डात फक्त सहाचा पॉइंट, त्यामुळे तुम्हाला आत यायला अडचण नाही. ३६ पैकी ३५ दानांत तुम्ही आत येता आणि वर बहुतेक वेळा एक फासा शिल्लक राहतो, त्यानं पाचवर बसलेल्या त्याच्या सोंगटीला परत मारायचं. असा मार खाल्ला तरी हल्ला संपत नाही, एक चाल मागे जातो.

पण हे सगळं त्याच्या होम बोर्डात एक-दोनच पॉइंट आहेत म्हणून. तिथे त्याचे चार पॉइंट असते तर ११ दानांचा तोच धोका डावाचा निकाल लावू शकला असता, आणि मग दोन ब्लॉट ठेवून मारणं म्हणजे निव्वळ जुगार. म्हणून मी हल्ला करताना आधी स्वतःचे पॉइंट मोजतो, मग त्याचे. माझे जास्त असतील तर एका ब्लॉटनं मारायला मी कचरत नाही. बरोबरीचे असतील तर आधी झाकण्याचा विचार करतो.

मारायचं आणि झाकायचं ही दोन्ही कामं एकाच दानात होत नाहीत तेव्हा खरी पंचाईत होते. वरच्या डावात ६-५ च्या जागी ६-२ पडलं असतं तर? ८ वरून २ झाकून १० वरची सोंगटी ८ वर आणायची, की १३ वरून थेट ५ वर मारायचं? झाकलं तर चार पॉइंट होतात. त्याची एक सोंगटी पाचवर, एक बारवर, आणि कुठल्याही ५ नं किंवा ४-१ नं, एकूण १३ दानांनी, त्याचा तिथे अँकर होतो. १६ दानं मात्र वाया जातात. मारलं तर दोन सोंगट्या बारवर, पण तुमचे तीनच पॉइंट आणि आत दोन ब्लॉट, म्हणजे २० दानं तुमच्या विरोधात. त्याचं घर इतकं कमकुवत असताना मारण्याच्या बाजूनंही बोलता येईल, आणि मारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. माझा कल झाकण्याकडे आहे. चार पॉइंट झाले की उरलेल्या एका सोंगटीलाही आत यायला जड जातं, आणि पाचवर एकट्या बसलेल्या सोंगटीवर पुढच्या दानाला परत हल्ला करता येतो.

जिथे वाद नाही अशी एक स्थिती सांगतो. त्याच्या दोन्ही सोंगट्या बारवर आहेत आणि मारायला आत काहीच नाही. तेव्हा झाकण्याला पहिला मान. झाकता येत नसेल तर कुमक आणा. मारायला काही नाही म्हणून अस्वस्थ होऊन मागच्या सोंगट्या पळवणं, किंवा १३ वरचा ढीग तसाच ठेवून सहावरच्या सोंगट्या खाली खाली दाबत नेणं, या दोन चालींनी मी स्वतः किती डाव घालवलेत ते मोजलेलं नाही.

खाली दाबण्यावरून एक मोठी सूचना. वाया जाणाऱ्या दानांच्या हिशोबात सगळे पॉइंट सारखे. एकचा पॉइंट बांधलात काय किंवा पाचचा, वर्ग तोच येतो. फरक पडतो हल्ला फसल्यावर. मघाच्या डावातही ३, २, १ हे तीन पॉइंट बांधले गेले ते नाइलाजानं, कारण तिथे मारत मारत बांधायला मिळाले. त्याचा पाचवर अँकर झाला असता तर ते तिन्ही पॉइंट त्याच्या अँकरच्या मागे पडले असते. मागे पडलेला पॉइंट अँकरवरच्या सोंगट्यांना अडवत नाही. तुमच्या सहा सोंगट्या खेळातून बाद झाल्यासारख्या, आणि त्या परत मागे आणता येत नाहीत. एकदा एका डावात मी असे तीन पॉइंट भराभर बांधले, समोरच्यानं चारवर अँकर केला आणि तासभर शांतपणे मला गुंडाळलं. म्हणून निवड असेल तेव्हा वरचा पॉइंट आधी, आणि मारायला मिळत असेल तरच खालचा.

अँकर झाला की हल्ला संपला, हे लगेच मान्य करायचं. त्यानंतर बांधलेले पॉइंट मोजण्यात अर्थ नाही. मग मागच्या दोन सोंगट्यांचं काय करायचं, शर्यतीत कोण पुढे आहे, हे प्रश्न सुरू होतात.

कुमक किती लागते याचा अंदाजही याच मोजणीतून येतो. पाच पॉइंट बांधायला दहा सोंगट्या लागतात, सहाला बारा. तुमच्या दोन मागे अडकल्या असतील तर हाताशी तेरा उरतात, म्हणजे पूर्ण बंद करायचं म्हटलं तर एकच जादा. १३ वरच्या चार-पाच सोंगट्या वेळेवर आल्या नाहीत तर पॉइंट चारवर अडकतात. मागे तीन-चार सोंगट्या असतील तर असा हल्ला मी सहसा सुरूच करत नाही, मारण्याचा मोह कितीही झाला तरी.

बारवर तीन सोंगट्या असतील तर काय, असंही लोक विचारतात. तिन्ही एकदम आत यायला त्याला उघड्या आकड्याचं डबलच लागतं. तुमचे तीन पॉइंट असतील तर तशी ३ दानं, चार असतील तर २. तिसरी सोंगटी मारायला मिळतेय म्हणून चालू काम सोडून तिच्यामागे लागायची गरज नसते, आधी झाकायचं बघा. पण वाटेत सहज मिळाली तर घ्या, कारण गॅमनचं, म्हणजे त्याची एकही सोंगटी पटावरून निघायच्या आत दुप्पट गुणांनी जिंकण्याचं, गणित तिच्यानं बदलतं. एक सोंगटी बंद करून डाव जिंकलात तर गॅमन क्वचित होतो. दोन बंद झाल्या की ती खरीखुरी शक्यता होते, आणि आपल्या डावासारख्या त्याच्या बाकीच्या सोंगट्या अजून बाहेर रेंगाळत असतील तर आणखी वाढते. तीन बंद झाल्या की गॅमन जवळपास ठरलेलाच. मात्र सामना जिंकायला तुम्हाला एकच गुण हवा असेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. तेव्हा पाच पॉइंट झाल्यावर तिसऱ्या सोंगटीसाठी ११ दानांचा धोका घेण्याचं काही कारण नाही.

पुढचा डाव खेळाल तेव्हा प्रत्येक चालीआधी तीनच आकडे मनात म्हणा: माझे आत बांधलेले पॉइंट किती, आत ब्लॉट किती, आणि तो ब्लॉट झाकणारी दानं किती. तिसरा आकडा दहाच्या खाली असेल तर मारणं जरा बाजूला ठेवून १३ वरच्या सोंगट्या बघा.